तातडीची मदत हवी: लेटर ऑफ इंटेंटमध्ये गोपनीयता कशी लिहायची?

गिअरबॉक्स
आम्ही पॅकिंग मशीन बनवतो. एका वितरक कंपनीशी भागीदारीची बोलणी चालू आहेत, उद्या लेटर ऑफ इंटेंट पाठवायचंय. गोपनीयतेचं कलम घातलंय. शेवटी "हे पत्र कोणत्याही पक्षावर बंधनकारक नाही" असंही लिहिलंय. एवढं पुरे ना? वेळ कमी आहे, नमुना असेल तर सरळ टाका.

तिघे भाऊ
नफ्याची वाटणी आधी लिहून घ्या! आम्ही नाही लिहिली, आज तिघं भाऊ एकमेकांशी बोलत नाही.

गिअरबॉक्स
अहो, फर्म नाही काढत आहोत. दोन्ही कंपन्या वेगळ्याच राहणार.

कलमकसाई
नमुना राहू द्या. तुमचं शेवटचं वाक्य गोपनीयतेच्या कलमालाही लागू होतं. उद्या माहिती फुटली, तर तेच वाक्य ते तुमच्यापुढे धरतील. असं लिहा: "कलम 4 (गोपनीयता) आणि कलम 5 (आपापला खर्च) बंधनकारक आहेत, बाकी पत्र केवळ इरादा दर्शवतं." आधी काही माहिती दिली आहे का?

गिअरबॉक्स
ग्राहकांची यादी आणि बिघाडांच्या नोंदी गेल्या आठवड्यात मेल केल्या.

कलमकसाई
हे आधी सांगायचं ना राव! मग "या पत्रापूर्वी बोलण्यांसाठी दिलेली माहितीही" हे शब्द कलम 4 मध्ये हवेतच. बोलणी फिसकटली तरी कलम दोन वर्षं टिकेल आणि माहिती परत किंवा नष्ट करावी लागेल, हेही घाला. पुढच्या पावलांबद्दल काय लिहिलंय?

गिअरबॉक्स
"दोन्ही पक्ष लवकरच पुढील चर्चा करतील."

कलमकसाई
याला काही अर्थ नाही. 15 दिवसांत त्यांनी विक्रीचा अंदाज द्यायचा, 30 दिवसांत तुम्ही दराचा मसुदा, 60 व्या दिवशी अंतिम करार झालेला नसेल तर पत्र आपोआप संपेल. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव.

निवांत
उगाच घाबरवताय. "बंधनकारक नाही" लिहिलं की कोर्टात कोणी काही करू शकत नाही.

जुनाजाणता
इतकं सोपं नाही. गेटी ऑइलच्या सौद्यात "अंतिम करारावर सही झाल्यावर" असं निवेदनात छापलं होतं. तरी 1985 मध्ये टेक्सासच्या ज्युरीने पेन्झॉइलशी झालेला समझोता पक्का मानला आणि मध्ये पडून गेटी विकत घेणाऱ्या टेक्सकोवर दहा अब्ज डॉलरहून जास्त भरपाई बसवली.

निवांत
ते अमेरिकेतलं आणि तेलाचं. इथे मशीनचा विषय आहे.

कलमकसाई
देशागणिक कायदा बदलतो, मान्य. पण वागणूक सगळीकडे बघतात. "माल पुरवू" असं लिहू नका, "पुरवण्याचा विचार आहे" लिहा. आणि सहीआधी काम सुरू करू नका.

गिअरबॉक्स
अडचण तीच आहे. चाचणीसाठी दोन मशीन सोमवारी त्यांच्या गोदामात जाताहेत. थांबवू का?

कलमकसाई
मशीन जाऊ द्या, पण सोबत वेगळं पानभर चाचणीपत्र द्या: मालकी तुमची, परत घेण्याची तारीख, बिघडलं तर खर्च कोणाचा. ते पत्र मात्र बंधनकारक ठेवा.

तिघे भाऊ
आणि नफ्याचं?