मदत हवी आहे: कॉडचा सहावा नियम आणि जॉइनवरचा व्ह्यू

रिलेशनल डेटाबेससाठी एडगर कॉड यांनी 1985 मध्ये मांडलेल्या बारा नियमांपैकी सहावा सांगतो की तत्त्वतः बदलता येणारा प्रत्येक व्ह्यू सिस्टिमलाही बदलता आला पाहिजे. माझ्या व्ह्यूमध्ये कर्मचारी आणि विभाग ही टेबलं जोडली आहेत. प्रत्येक कर्मचारी एकदाच येतो, म्हणजे पगार बदलला तर मूळ ओळ एकच, संदिग्धता शून्य. तरी पोस्टग्रेस `UPDATE` नाकारतं, कारण आपोआप बदलणाऱ्या व्ह्यूच्या `FROM` मध्ये एकच टेबल चालतं. `INSTEAD OF` ट्रिगर लिहिता येतो, पण मग नियम मीच पाळला, सिस्टिमने नाही!

`DELETE` चं कोडं वेगळं: कर्मचारी काढायचा की विभागही? असा व्ह्यू ‘तत्त्वतः बदलता येणारा’ मानायचा का? मायएसक्यूएल अशा व्ह्यूत एका वेळी एकाच टेबलाचे रकाने बदलू देतं, पण ओळ काढू देत नाही. ही सीमा नेमकी कशी ठरवतात?