माणसाच्या जिवाची किंमत ठरवताना हेगच्या न्यायालयाने हात आखडता का घेतला?

रानवारा: युगांडाच्या सैन्याने काँगोत घुसून केलेल्या नुकसानीची भरपाई म्हणून काँगोने युगांडाकडे ११ अब्ज डॉलरहून जास्त मागितले होते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०२२ ला दिले ३२.५ कोटी. काँगोच्या पूर्वेकडच्या इतुरीसारख्या भागात कत्तली झाल्या, त्यांची ही किंमत? युगांडा गरीब म्हणून सूट दिली, दुसरं काय! असल्या निकालाला न्याय म्हणवत नाही.

टिपणवही: सूट दिल्याचं निकालात कुठेही नाही. रक्कम आणि हप्ते युगांडाच्या आवाक्यात आहेत असं न्यायालयाला वाटलं, म्हणून ऐपतीचा मुद्दा विचारात घ्यायची गरजच नाही असं सांगून तो बाजूला ठेवला. वर्षाला ६.५ कोटी, पाच हप्ते, पहिला सप्टेंबर २०२२ चा, आणि थकलं तर ६ टक्के व्याज.

तुमचा राग खरा कुठे लागू पडतो ते सांगतो. ३२.५ कोटींपैकी माणसांच्या नुकसानीचे २२.५, मालमत्तेचे ४, खाणी-लाकूड वगैरे लुटीचे ६. काँगो म्हणत होता १,८०,००० नागरिक मेले. न्यायालयाने पुराव्यावरून १०,००० ते १५,००० च्या दरम्यान आकडा धरला. हेतुपुरस्सर झालेल्या मृत्यूला ३४,००० डॉलर हा दर काँगोने स्वतःच्या न्यायालयांच्या निकालांवरून काढला होता. आता १०,००० ला ३४,००० ने गुणा, ३४ कोटी होतात. म्हणजे कमीत कमी मृत्यू धरले तरी एवढ्यानेच सगळी थैली रिकामी. प्रत्यक्षात २२.५ कोटींत मृत्यूंबरोबर जखमी, बलात्कार, बालसैनिक, विस्थापित सगळे कोंबलेत. एका मृत्यूमागे किती, हे निकालातून काढताच येत नाही.

रानवारा: म्हणजे मी म्हणतो तेच. आकडा हवेतला.

टिपणवही: तेवढं मान्य. पण पर्याय काय होता? माणशी हिशेब करायला माणूस, मृत्यू आणि कृत्य यांची सांगड लागते. काँगोने जमवलेल्या पीडितांच्या अर्जांत ती बहुतांशी नव्हती. म्हणून न्यायालयाने सगळ्यांची मिळून एक मोघम रक्कम ठरवली; तीही नाकारली असती तर दमडी मिळाली नसती. शिवाय इतुरीवर युगांडाचा कब्जा होता, म्हणून तिथलं नुकसान आपल्या कसुरीमुळे झालं नाही हे दाखवायची जबाबदारी युगांडावर टाकली. काँगोला ही मोठी सवलत होती.

सांगलीचा शेंगदाणा: काँगोचं राहू द्या. कुलभूषण जाधव प्रकरणात भारताने मागितलं काय? शिक्षा रद्द करा, माणूस सोडा. मिळालं काय? 'पुनर्विचार करा'! आपल्याच माणसाची आधीची स्थिती परत मिळाली नाही आणि इथे डॉलर मोजताय.

टिपणवही: विषय वेगळा आहे, पण अडचण तीच. १७ जुलै २०१९ च्या निकालात दोष सापडला तो दूतावासाची भेट न दिल्याचा. ही भेट द्यायला लावणारा व्हिएन्ना करार आहे, आणि शिक्षा सुनावणं हा त्या कराराचा भंग नव्हता. म्हणून भंगाने झालेलं नुकसान भरून काढायचं, शिक्षा उलटवायची नाही.

सांगलीचा शेंगदाणा: वकिली चलाखी! वकील मिळू दिला असता तर शिक्षा झालीच नसती.

टिपणवही: 'नसतीच' हे सिद्ध करायचं कसं, हाच प्रश्न आहे. म्हणून न्यायालयाने पुनर्विचार सांगितला, आणि तो परिणामकारक असावा अशी अट घातली. पद्धत पाकिस्तानवर सोडली, तिथे मात्र माझीही कुरकूर आहे.

सांगलीचा शेंगदाणा: कुरकूर! वा, मोठे उपकार.

चिंचेची सावली: दोघेही थांबा जरा, धाग्याचा विषय काय होता? मला दियालोचं प्रकरण आठवतं. गिनीचा व्यापारी, ३२ वर्षं काँगोत राहिलेला. बेकायदा अटक (सलग ६६ दिवस आणि वर थोडे), मग हकालपट्टी. २०१२ मध्ये याच न्यायालयाने काँगोला ९५,००० डॉलर भरायला लावले. त्यात ८५,००० मानसिक हानीचे, १०,००० घरच्या वस्तूंचे, तेही अंदाजाने, कारण वस्तूंची यादी असली तरी त्यांचं पुढे काय झालं याचा पुरावा नव्हता. एका जिवंत माणसाला ८५,०००, आणि इतुरीतल्या मेलेल्याला किती?

रानवारा: हे बोललात ते बरं केलंत.

टिपणवही: तुलना बोचरी आहे, नाकारत नाही. तरी दियालोच्या मानसिक हानीसाठी गिनीने अडीच लाख मागितले होते, तिथेही कात्री लागली. एक माणूस, ठरलेल्या तारखा, कागद हातात, म्हणून दर ठरवता आला. हजारो बळींना तोच दर लावला तर संख्येतली चूक तेवढ्याच पटीने वाढते.

चिंचेची सावली: म्हणजे जितके जास्त मारले तितका माणशी दर कमी. छान सोय.

टिपणवही: न्यायालय तसं म्हणत नाही. परिणाम मात्र तोच होतो, हे मान्य करावंच लागतं.

रानवारा: आणि देशाच्या अपमानाचं काय? काँगोने त्यासाठी वेगळे १० कोटी मागितले होते ना?

टिपणवही: नाकारले. इतुरीतल्या हेमा आणि लेंदू या जमातींच्या समेटासाठी मागितलेला अडीच कोटींचा निधीही नाकारला. भरपाईचा पैसा काँगो सरकारच्या हातात जातो. पीडितांसाठी काँगोने नेमलेल्या निधीची न्यायालयाने फक्त नोंद घेतली. हा पैसा पीडितांपर्यंत पोचतो की नाही, यावर भांडायचं तर मी तुमच्या बाजूने आहे.

सांगलीचा शेंगदाणा: अखेर एका बाजूने आलात. तरी जाधवचं उत्तर अजून बाकी आहे.