मदत हवी आहे: काचेची तक्रार क्वालिटीकडे पाठवली, उत्तर आलं ‘नोटेड’

डेपोवाला: गिऱ्हाईकाला आमच्या बरणीत काच सापडली. क्वालिटीला मेल टाकला, फोटो जोडला, ‘लवकरात लवकर कळवा’ लिहिलं. उत्तर काय, तर ‘नोटेड’! गिऱ्हाईक फोनवर फोन करतंय. काय लिहिलं की ही माणसं हलतात? मसुदा असेल तर टाका, लेक्चर नको.

मुक्ता_क्यूसी: कसली बरणी? बॅच नंबर? तुकडा कुणाकडे आहे?

डेपोवाला: कैरीचं लोणचं, काचेची बरणी. बॅच फोटोत दिसतोय की. तुकडा गिऱ्हाईकाकडे.

चाकणकर: आमच्या ऑटो लाईनला 24 तासांत तात्पुरता बंदोबस्त कळवावाच लागतो, मूळ कारणासाठी पुढची वेगळी तारीख असते. सरळ एमडींना सीसी मार, पळतील सगळे.

मुक्ता_क्यूसी: पहिल्याच मेलला एमडी आले की क्वालिटीवाले आधी स्वतःला वाचवतात, बॅच नंतर बघतात. तुमचं दोन तारखांचं मात्र बरोबर आहे.

डेपोवाला, मी सॉसच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. तेलकट लेबलाच्या फोटोतून 8 की 3 ओळखत बसायला लावू नका, बॅच टाइप करा. त्यावरूनच राखून ठेवलेला नमुना आणि त्या दिवशी लाईनवर बरणी फुटल्याची नोंद निघते. तुकडा पट्टीशेजारी ठेवून फोटो घ्या. धुऊ नका. जाडी आणि बाक बरणीशी जुळतो का, हे आम्ही आधी बघतो. बरणीच्या तोंडाचा टवका निघाला असेल तर झाकण लावताना किंवा उघडताना उडालेला असू शकतो, म्हणून बरणी आणि झाकणही हवं. असं लिहा:

‘कैरी लोणचं, बॅच ____, पॅकिंग तारीख ____. ग्राहकाला बरणीत काचेचा तुकडा मिळाला. इजा झाली / नाही. फोटो व बिल सोबत. डेपोत या बॅचचे ____ बॉक्स आहेत. विक्री थांबवायची का, हे आज संध्याकाळी 5 पर्यंत कळवा. काच कुठून आली याचं लेखी उत्तर शुक्रवारी दुपारी 12 पर्यंत हवं. ग्राहकाला शुक्रवार संध्याकाळ सांगितली आहे.’

‘लाईनवर बरणी फुटली असणार’ असला अंदाज मेलमध्ये नको.

संतोष७७: एवढा घोळ कशाला? दोन बरण्या फुकट द्या, तुकडा घेऊन टाका, विषय मिटला.

मुक्ता_क्यूसी: आणि त्याच बॅचमध्ये दुसरी काच निघाली तर?

सुगरण_मावशी: आमच्या लोणच्यावर दरवर्षी पांढरा थर येतो. तेल कमी पडतं का?

चाकणकर: मावशी, वेगळा धागा काढा हो.

डेपोवाला: मेल तसाच पाठवला. बॅच थांबवायला सांगितलंय, माल बाजूला काढला. पण गिऱ्हाईक तुकडा द्यायला तयार नाही. ‘एफएसएसएआयला दाखवणार’ म्हणतो.

मुक्ता_क्यूसी: त्याचा हक्क आहे, ओढाताण नको. त्याच्यासमोर मोजमाप, फोटो घ्या; एकापेक्षा जास्त तुकडे असतील तर पोच देऊन त्यातला एक मागा.

चाकणकर: फोटोवरून काच कुठली ते कळेल?

मुक्ता_क्यूसी: बाक स्पष्ट असेल तर थोडाफार अंदाज. नाहीतर शुक्रवारी अर्धंच उत्तर मिळेल, तसं गिऱ्हाईकाला आजच सांगा.

डेपोवाला: एकच तुकडा आहे. झाकण मात्र देतो म्हणाला, निघतोय.