गावाच्या फळ्यावर आवडत्या माणसाचं नाव लिहायची सक्ती झाली तर? तुमचे अनुभव लिहा

काल जेवताना लेकीनं विचारलं, "आई, समज एखाद्या गावात नियम आहे की दर वर्षी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर प्रत्येकानं आपल्या क्रशचं नाव लिहायचंच. मग काय होईल?" नवरा म्हणाला, अर्ध्या गावाची लग्नं जुळतील. मी म्हटलं, अर्धं गाव खोटं लिहील. भांडण मिटलेलं नाही. तुमचं असं काही चारचौघांत जाहीर झालं असेल तर लिहा. पुढे काय झालं तेही.

रजिस्टरवाली: आमचं नाव खरंच फळ्यावर लागलं होतं! विशेष विवाह कायद्यानं लग्न केलं, तेव्हा नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागलं. काचेच्या पेटीत आमचे दोघांचे फोटो, वय, पत्ता. शेजारी कुणाचा तरी जुना कागद एका टाचणीवर लोंबत होता. अकराव्या दिवशी मावसभावाच्या मित्रानं पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत घरी फोन. चार वर्षं आम्ही चोरून भेटायचो, कधी कुरबूर नाही. त्या तीस दिवसांत मात्र रोज भांडलो, कारण प्रत्येक भेटीचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागायचं.

खडकू: कायद्यानंच ती नोटीस आईवडिलांच्या घरी पाठवतात. माझ्या मित्राच्या घरी आली होती.

काळा कोट: खडकू, आली असेल, पण कायद्यात तसं नाही. नोटीस कार्यालयात लावायची, आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे प्रत जाते, तोही आपल्या कार्यालयात लावतो. हरकत घ्यायला कारणंही मोजकीच आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय, जवळचं नातं, संमती देण्याची मानसिक क्षमता. "आम्हाला पसंत नाही" हे त्यात बसत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयानं 2021 मध्ये तर म्हटलं की जोडप्यानं लेखी मागितलं तरच नोटीस प्रसिद्ध करावी. धाग्यातल्या गावात हरकतींची यादीच नाही, म्हणजे ज्याला त्याला तोंड उघडायला मोकळीक.

आबा_पाटील: क्रशरविरुद्ध आम्ही ग्रामसभेत ठराव घेतला होता. धुळीनं द्राक्षं गेली. फळ्यावर नाव लिहून काही होत नाही, तहसीलदारांकडे जा.

शेवटचा_बाक: आबा, वेगळा क्रश आहे हा 😄
आमच्या गॅदरिंगला फिशपाँडमध्ये माझं आणि एका मुलाचं नाव एकत्र वाचलं. खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. तोवर आमचं सगळं वहीवर चाललेलं: मी अकाउंट्सची वही मागायची, तो चार दिवस उशिरा परत न्यायचा. वहीचा फायदा असा की नको असेल तर ती नुसती वहीच राहते, दोघांचीही अब्रू शाबूत. फिशपाँडनंतर वही मागणं म्हणजे कबुलीच झाली असती. त्यानं बाक बदलला. त्या गावात पहिल्यांदा मरेल ती ही वही.

जुळणी: मी प्रवेशाच्या पसंतीक्रमांचं काम बरीच वर्षं करतो, म्हणून थोडं लांबण लावतो. अजय आणि विजय दोघांनी फळ्यावर मीना लिहिलं, सुजयनं रेखा. मीनाला अजय हवा, ते जमलं. रेखाला विजय जास्त आवडतो, पण दारात सुजय उभा आहे. ती लगेच हो म्हणाली तर विजय तिच्याकडे येईपर्यंत उशीर झालेला. पुढच्या वर्षी असा विजय शहाणा होतो आणि मनात मीना ठेवून फळ्यावर रेखा लिहितो. म्हणजे ताई, तुमचं बरोबर, खोटं लिहितील. गेल आणि शॅप्ली या दोघांनी 1962 साली यावर तोड दाखवली: रेखानं सुजयला पक्कं "हो" न म्हणता थांबवून ठेवायचं, विजय आला की सुजयला सोडायचं. मग मागणी घालणाऱ्यानं खरा क्रम लिहिण्यात तोटा नाही. मागणी ज्यांना येते त्यांना मात्र कधीकधी खोटं बोलून फायदा होतो.

रजिस्टरवाली: गणित समजलं, पण रेखाच्या घरात जन्मभर भांडण पेटेल ना. विजयनं आधी मीना लिहिलं होतं, हे अख्ख्या गावानं वाचलंय.

जुळणी: हो, कॉलेजला वाईट वाटत नाही. तिथे माझं गणित संपतं.

शेवटचा_बाक: आणि सुजयचं काय? त्याला तर सगळ्यांसमोर सोडलं. तो पुढच्या वर्षी नाव लिहील, की गावच सोडेल?

खडकू: "कुणी नाही" असं लिहायला परवानगी आहे का? सगळे तेच लिहितील.

धागाकर्ती: लेकीला विचारलं. म्हणे, नाही, एक नाव लिहावंच लागतं. "मग तू कुणाचं लिहिशील?" विचारलं, तर अर्धी पोळी तशीच टाकून ताट घेऊन गेली.