टायर बदलायचं कधी, कशावरून ठरवलंत? आपापले अनुभव सांगा

औसा_रोड
काल मृगाचा पहिला पाऊस आला. घरासमोर एक गाडी ब्रेक मारताना जराशी आडवी झाली. कुणाला काही झालं नाही, पण मला 2021 चा जुलै आठवला आणि रात्री नीट झोप लागली नाही.

लातूरहून तुळजापूरला जायलो होतो. मागे आई आणि मुलगी. उजनी ओलांडल्यावर सखल जागी रस्त्यावर पाणी साचलेलं, वेग सत्तरच्या आसपास. पाण्यात शिरलो तसं स्टेअरिंग एकदम हलकं झालं. फिरवायलो, पण गाडी ऐकेना. ब्रेकवर पाय दिला नाही, तेवढं सुचलं. गाडी डावीकडं सरकत साइडपट्टीवरून काळ्या मातीत उतरली आणि रुतली म्हणून थांबली.

खरी गोष्ट पुढं आहे. आठच दिवस आधी मी पुढच्या दोन्ही टायरांत नाणं घालून पाहिलं होतं. खाच चांगली खोल लागली, म्हणून निर्धास्त होतो. ट्रॅक्टर लावून गाडी काढली आणि टायरच्या दुकानात चाक खोललं, तर डावं टायर आतल्या कडेनं पार गोटा. चार खाचांपैकी सगळ्यात बाहेरची 4 मिमी, मग साडेतीन, मग अडीच, आणि आतली जेमतेम दीड. तिथली पट्टी नक्षीच्या बरोबरीला आलेली. गाडीशेजारी उभं राहिलं की बाहेरचीच खाच दिसते. मी तीच मोजली होती.

तुमचं कसं झालं, सांगा.

किनवटची_ताई
देवा. आई-मुलगी ठीक होत्या ना? वाचताना काटा आला अंगावर.

औसा_रोड
हो ताई, ठीक होत्या. आईनं नंतर वर्षभर मला पावसात गाडी काढू दिली नाही.

बीड_बायपास
सोपं आहे. टायरच्या बाजूला त्रिकोण असतो, नाहीतर TWI लिहिलेलं असतं. ते घासून गेलं की टायर बदलायचं. मी तर हेच बघतो.

जालना_टायरवाला
भाऊ, तो त्रिकोण घासत नाही. तो बाजूवर असतो, रस्त्याला लागतच नाही. पट्टी कुठं आहे एवढंच तो दाखवतो. त्रिकोणापासून सरळ वर नक्षीत जा, खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसंल. कारच्या टायरात तो 1.6 मिमी उंच असतो. नक्षी घासत त्याच्या बरोबरीला आली की टायर संपलं, कायद्यानंही. असे उंचवटे टायरभर थोड्या थोड्या अंतरावर असतात. सगळे बघा, आणि बाहेरच्या खाचेपासून आतल्या खाचेपर्यंत बघा. औसा रोडवाल्या भाऊंचं जे झालं ते माझ्याकडं दर पावसाळ्यात येतं.

परभणी_एमएच२२
मी रुपया घालतो. सिंह अर्धा बुडला की टायर चांगलं.

जालना_टायरवाला
दादा, ती युक्ती अमेरिकेच्या एक सेंटच्या नाण्याची. त्यावर लिंकनचं डोकं उलटं घालतात आणि काठापासून डोक्यापर्यंतचं अंतर 1.6 मिमीच्या जवळपास भरतं. आपल्या रुपयावर तसलं माप नाही, आणि नाणी बदलत राहतात. सिंहावरून काही कळत नाही.

नाणंच वापरायचं असलं तर असं करा. नाणं खाचेत उभं घाला, तळाला टेकू द्या, नक्षीच्या पातळीवर नखानं धरा आणि तिथं पेनानं रेघ मारा. मग काठापासून रेघेपर्यंत पोराच्या कंपासमधल्या पट्टीनं मोजा. पट्टी थेट खाचेत घालू नका, तिचा शून्य टोकापासून थोडा आत असतो, माप चुकतं. आणि नाणं त्या उंचवट्यावर टेकवू नका. परवा एक काका घाबरून आले, टायर संपलं म्हणे. उंचवट्यावर मोजलेलं. 4 ऐवजी अडीच भरलं होतं.

सोयाबीन_उदगीर
ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला हे चालतं का? माझे गुटके निम्मे राहिलेत, पेरणी तोंडावर आलीय.

जालना_टायरवाला
ट्रॅक्टरचं गणित वेगळं, आबा. ओल्या रानात चाक जागेवर फिरायलं आणि डिझेल जास्त जायलं की समजायचं. नाण्याचं काम नाही तिथं.

सोयाबीन_उदगीर
फिरतंय खरं. पण 2 टायरांचे पैसे बियाण्याच्या वेळेला कुठून आणायचे.

किनवटची_ताई
आबा, आमच्याकडं पण तेच चाललंय. खताचं बघू का टायरचं.

संभाजीनगर_सिडको
औसा रोड, आतून घासलं कशामुळं ते कळलं का? नाहीतर नवीन टायर पण तसंच जाईल.

औसा_रोड
कळलं. दोनेक महिन्यांपूर्वी खड्ड्यात चाक जोरात आपटलं होतं. त्यानंतर स्टेअरिंग किंचित एका बाजूला ओढायचं, मी हवा भरून सोडून दिलं. पुढच्या चाकांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळली होती. मेकॅनिकनं तळहात नक्षीवर आडवा फिरवायला लावला. एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीसारखं हाताला लागलं. त्यानं आधी खालचा बुश बदलला, मग नवीन टायर, मग अलाइनमेंट. बुश ढिला ठेवून अलाइनमेंट केली तर आठ दिवसांत परत हलते, असं तो म्हणाला.

नांदेड_वजिराबाद
मग चारही बदलले का दोनच?

औसा_रोड
दोनच. मागचे सगळ्या खाचांत 4 मिमी, सारखे घासलेले. नवे असताना साडेसात होते आणि 40 हजार किमी चालले. म्हणजे साडेतीन गेले, 11-12 हजाराला एक मिमी. मी पावसासाठी 3 मिमी ही स्वतःची हद्द धरली, तर अजून 11 हजार किमी निघणार होते. 1.6 ला पोचायची वाट बघायला आता मन धजत नाही. त्या दिवशी आत दीड होतं आणि पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती.

दुकानदारानं नवी जोडी मागं बसवली आणि मागची पुढं आणली.

बीड_बायपास
हे मला कधीच पटलं नाही. स्टेअरिंग पुढं, इंजिन पुढं, ब्रेकचा जोर पुढं. मांजरसुंबा घाट उतरताना मला नवीन टायर पुढंच पाहिजेत.

जालना_टायरवाला
पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बरेचदा परत सापडते. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते, तिला सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून जास्त नक्षी मागं.

बीड_बायपास
बरोबर असेल. पण घाटात माझा पाय ब्रेकवर असतो भाऊ, मी पुढंच ठेवणार.

संभाजीनगर_सिडको
माझा प्रश्न जरा वेगळा. बाबांची गाडी घरासमोर उभीच असते. नक्षी 6 मिमी, पण बाजूला बारीक भेगा. बाजूवरचे चार आकडे 1416, म्हणजे 2016 च्या चौदाव्या आठवड्यातलं. बाबा म्हणतात नवीनच आहे. काय सांगू त्यांना?

जालना_टायरवाला
आपल्याकडच्या उन्हात रबर वाळतं, नक्षी किती का असेना. भेगांत नख अडकत असेल तर मी ते टायर गावाबाहेर नेणार नाही. किती वर्षांनी बदलावं यावर आमच्या धंद्यातच एकमत नाही, कुणी पाच म्हणतं, कुणी दहा.

परभणी_एमएच२२
आत्ता स्टेअरिंग पूर्ण वळवून मोबाइलच्या टॉर्चनं बघितलं. उजवं टायर आतून पट्टीला लागलंय. बाहेरून चांगलं दिसतंय, अगदी तुमच्यासारखंच. उद्या हिंगोलीला लग्न आहे. स्टेपनी घालून जाऊ का?

औसा_रोड
दादा, स्टेपनीची पण नक्षी, हवा आणि ते चार आकडे बघा आधी. आणि लग्नाला एसटीनं गेलात तर फार बरं. पावसाचं काय तिकडं?

परभणी_एमएच२२
सकाळपासून भुरभुर चालू आहे. एसटीचं टाइम बघायलो.

सोयाबीन_उदगीर
आमच्याकडं नुसतं आभाळ. थेंब नाही.