आवाज न चढवता केलेली गंमत

जुना_जोगी
लग्नाला बरीच वर्षं झाली, बायकोवर मी कधी आवाज चढवलेला नाही. शेजारचे गृहस्थ रोज आरडाओरडा करतात, त्यांचा संसार व्यवस्थित चाललाय. आमच्याकडे मात्र बायको म्हणते समुपदेशकाकडे जाऊ. का, तर मी चारचौघांत तिची गंमत करतो. गणपतीत जेवताना ती म्हणाली, शेअरमधले थोडे पैसे काढून एफडीत टाकावेत. मी म्हटलं, "ऐका हो, अर्थमंत्री बोलल्या!" सगळे हसले, तीही हसली. रात्री रडली. हल्ली विनोद का पचत नाही लोकांना? रागावण्यापेक्षा हे बरं ना?

सावली
नाही, बरं नाही. काल वाचलं तेव्हा गप्प बसायचं ठरवलं होतं, पण जमत नाहीये. मी कुटुंब न्यायालयात समुपदेशनाचं काम करते आणि "मी तर कधी आवाजही चढवला नाही" हे वाक्य तिथे फार ऐकलंय.

रागावलेला माणूस समोरच्याकडे काहीतरी मागत असतो. "मला न विचारता पैसे का काढलेस?" असं कोणी ओरडलं, तर त्यात एक तक्रार असते आणि तक्रारीला उत्तर देता येतं. चुकलं म्हणता येतं, नाहीतर पासबुक समोर टाकून "हे बघ" म्हणता येतं. भांडण होतं, पण बरोबरीच्या माणसांत होतं. "अर्थमंत्री बोलल्या" याला ती काय उत्तर देणार होती? एफडी शहाणपणाची की वेडेपणाची, यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. हिने पैशांबद्दल मत द्यावं हेच हसण्यासारखं आहे, एवढंच तुम्ही सांगितलंत, आणि तेही तिला सोडून पाहुण्यांना.

आणि विनोदामुळे तिचं बोलणंच बंद झालं. तिथे तिने तोंड पाडलं असतं, तर "हिला गंमत कळत नाही" म्हणून दुसऱ्यांदा हसले असते सगळे. त्या पंगतीत हसणं हा एकच मार्ग तिच्याकडे उरला होता.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन आणि त्यांचे सहकारी जोडप्यांना त्यांच्याच एखाद्या वादाच्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला बसवत, चित्रीकरण करत आणि मग त्यातल्या प्रत्येक क्षणाची नोंद करत. त्या नोंदीत राग वेगळ्या खणात जातो. डोळे वर फिरवणं, ओठाचा एकच कोपरा आवळून हसणं, नक्कल करणं, बोचरा विनोद, हे सगळं तुच्छतेच्या खणात. विनोद होता म्हणून सूट मिळत नाही. दोघंही मनापासून हसतात ती चेष्टा मात्र चांगल्या बाजूला मोजतात. १९९८ साली त्यांनी १३० नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास छापला. नुसत्या रागावरून कोणाचं लग्न मोडेल याचा अंदाज त्यात बांधता आला नाही. बायकोच्या साध्या कुरबुरीला नवऱ्याने तुच्छतेने, दमदाटीने किंवा हात झटकून उत्तर देणं, तिचं म्हणणं आतच न घेणं, यावरून मात्र बांधता आला. तुमच्या पंगतीत नेमकं हेच झालं.

माझ्या कामातलं एक जोडपं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. नवरा हिशेबात हुशार, बायकोने पैशांविषयी तोंड उघडलं की नणंदेकडे बघून भुवई उडवायचा. भांडण एकही नाही. तिने आधी मत देणं सोडलं, मग विचारणं सोडलं, मग सांगणंही सोडलं. भिशी लावली, त्यातून भावाला उसने दिले, एक एफडी मोडली. नवऱ्याला कळलं तेव्हा तो माझ्यासमोर रडला, "माझ्यापासून लपवलं हिने." ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर हसला असतास." तिला राग येऊन गेलेला होता, आता काहीच येत नव्हतं. समोरचं माणूस भांडत असलं की मी कामाला लागते. असं शांत असलं की फार कठीण जातं.

कोथरूडचा_कट्टा
एवढं मोठं व्याख्यान, एका विनोदावर? अहो टोमणा ही आमच्याकडे बोलायची पद्धत आहे. माझ्या आजोबांनी आजीला साठ वर्षं टोमणे मारले. आजी त्यांच्यावर एक चढ मारायची. पुण्यातली निम्मी घरं तुमच्या न्यायालयात उभी करावी लागतील.

वऱ्हाडी_ठेचा
उभी कराच. मी अमरावतीचा, नोकरीसाठी पुण्यात आलो. पहिल्या आठवड्यात ऑफिसात कोणीतरी माझं "करून राह्यलो" माझ्याच समोर म्हणून दाखवलं आणि सगळे मान खाली घालून हसले. आमच्याकडे मित्र तोंडावर शिवी देतो, पाठीत बुक्की घालतो आणि जेवायला घेऊन जातो. इथे शिवी नाही, बुक्की नाही, जेवणही नाही. फक्त ते हसू.

कोथरूडचा_कट्टा
झालं, पुण्याला शिव्या घालायला निमित्तच हवं असतं. चितळे दुपारी बंद असायचे हेही येऊ द्या आता.

वऱ्हाडी_ठेचा
दुकानाचं मी काही बोललोच नाही. मी म्हणतोय की माझी भाषा तिथे हसायची वस्तू होती, आणि "अरे गंमत केली" म्हटल्यावर मला तक्रार कुठे नेता येईना. शिवी दिली असती तर भांडलो असतो आणि संध्याकाळी सोबत चहा प्यायलो असतो.

कोल्हापुरी_साज
शिवी म्हणजे प्रेमच असतं असंही नाही हं. आमच्याकडे मित्रामित्रांत रांगडी शिवी चालते, तीच शिवी मालक गड्याला देतो तेव्हा त्यात प्रेमबिम नसतं. उलट देता येते का, ते बघा.

सावली
हे तुम्ही अगदी नेमकं सांगितलंत. लग्नात विहिणी एकमेकींना गाण्यांतून केवढं टोचून बोलत, पण दोन्ही बाजूंना गाणी येत आणि दोन्ही बाजूंना गायची मुभा असे. कट्टा, तुमच्या आजीला एक चढ मारता येत होता. धागाकर्त्यांच्या पत्नीला त्या पंगतीत येत होता का?

कोथरूडचा_कट्टा
आजीचं सोडा हो. ठीक, एक चढ मारता आला पाहिजे, हे मान्य. पण म्हणून सगळ्या शहराला रोगी ठरवू नका.

आकडेमोड
सावलीताई, तुमच्या आधाराला थोडा धक्का देतो. गॉटमन ९० टक्क्यांहून जास्त अचूक भाकीत करतात असं जिकडेतिकडे सांगितलं जातं. तुम्ही ते म्हणाला नाहीत, पण खाली कोणीतरी म्हणणारच. ज्या जोडप्यांवरून सूत्र बसवलं, त्यांच्यावरच ते तपासलं की आकडा फुगतो. हेमन आणि स्लेप यांनी २००१ साली हेच दाखवलं: नव्या जोडप्यांना लावल्यावर असल्या सूत्राची अचूकता बरीच घसरते. शिवाय ती अमेरिकेतली जोडपी. आपल्याकडे सासू, नणंद, दीर सगळे त्याच खोलीत असतात.

सावली
बरोबर आहे, म्हणूनच मी तो आकडा दिला नाही. कोणाचं लग्न मोडेल हे डोळे फिरवण्यावरून मी सांगू शकत नाही, सांगतही नाही. पण राग आणि तुच्छता माणसाला वेगवेगळ्या दिशेला नेतात, हे केवळ त्याच प्रयोगशाळेतून आलेलं नाही. फिशर आणि रोझमन यांनी २००७ साली दोन्हींची तुलना केली. राग आलेली माणसं आधी हल्ला करतात आणि पुढे पुष्कळदा समेट करतात. तुच्छता वाटणारी माणसं समोरच्याला आपल्या आयुष्यातून बाजूला सारतात. आणि बऱ्याचदा ती उगवते रागातूनच: तोच राग परत परत आला, काही बदललं नाही, मग "हा असाच" हा शिक्का बसला.

सगळे त्याच खोलीत असतात, हे तर माझ्याच बाजूचं झालं. पाहणारे वाढले की घाव खोल जातो.

रेवा
मला हे वाचून संताप येतोय. राग बरोबरीचा असतो म्हणे! माझे बाबा ताट भिरकावायचे. त्यांची स्कूटर फाटकापाशी थांबली की मी आणि दादा पलंगाखाली. ते कधी कोणाला हसले नाहीत, टोमणा मारला नाही. आई आजही दार जोरात आपटलं की दचकते. रागाचं कौतुक करणाऱ्यांनी आमच्या घरी एक संध्याकाळ काढायला हवी होती.

सावली
रेवा, तुमच्या घरी जे होतं त्याला मी नुसता राग म्हणणार नाही. ज्या अभ्यासाबद्दल लिहिलं त्यातही धमकावणं आणि दमदाटी रागापासून वेगळी मोजली होती. समोरचा घाबरला की त्याला उत्तर देता येत नाही, आणि मग माझं बरोबरीचं म्हणणं तिथे लागूच होत नाही. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

रेवा
व्याख्या बदलून तुम्ही सुटलात. ओरडणारा माणूस ताट कधी भिरकावेल हे घरातल्यांना आधी कळत नाही. "राग चालतो" असं ऐकून कोणाचा तरी बाप खूश होईल, एवढंच म्हणते.

माईआजी
माझी सून मी काही सांगितलं की डोळे फिरवते. हे तिला वाचायला देते. परवा मी म्हटलं बाळाला गुटी दे, तर नवऱ्याकडे बघून डोळे वर.

निळी_छत्री
माई, तुम्ही सांगता कशा तेही येऊ द्या. माझ्या सासूबाई "आमच्या वेळी नव्हती बाई अशी पुस्तकं" असं हसत म्हणायच्या, तेही पाहुण्यांत. मी उलट बोलले असते तर उद्धट ठरले असते. मग डोळेच उरतात. तिच्या डोळ्यांचा हिशेब मांडायचा तर आधी वरून काय येतंय तेही मांडा.

माईआजी
मी प्रेमाने सांगते. तुला काय माहीत.

जुना_जोगी
गावभरची भांडणं झाली, माझा प्रश्न राहिला. बरं, समजा मान्य केलं. मग घरात तोंड शिवून बसू का? आमची ओळखच थट्टामस्करीतून झाली. लग्नाआधी ती माझ्या मोठ्या कानांवरून केवढं चिडवायची.

सावली
शिवू नका. कान आणि "अर्थमंत्री" यांतला फरक बघा. कानांवरून चिडवताना ती तुमच्याकडे बघत होती, आणि तुमच्या बुद्धीवर तिने बोट ठेवलं नव्हतं. शिवाय तुम्हीही काहीतरी परत म्हणत असणार. गणपतीत ती काहीतरी गंभीरपणे मांडत होती आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे बघितलंत. आणखी एक तपासा. तिने "हे नको" म्हटल्यावर तुम्ही थांबलात, की "तुला विनोद कळत नाही" म्हणालात? थट्टा करणारा थांबतो. ज्याला वरचढ राहायचं असतं त्याला ती तक्रारही हसण्यासारखी वाटते.

जुना_जोगी
दुसरं म्हणालो. आणि पोस्टही टाकली, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. पण एफडीचं तिचं गणित चुकीचंच होतं, हे माझं मत कायम आहे.

सावली
मग तेच सांगा तिला. व्याजदर काढा, कर वजा करा, शेजारी बसून चुकीचं का ते दाखवा. ती चिडेल, तुम्हीही चिडाल, चालेल. मात्र तिचा हिशेब पूर्ण ऐका, कदाचित तिला परताव्यापेक्षा हाताशी पैसे हवे असतील. समुपदेशकाकडे जायचं ती अजून म्हणते आहे ना? म्हणजे अजून काहीतरी मागते आहे. जा.

जुना_जोगी
रविवारी मेव्हणे जेवायला येताहेत. तेव्हा विषय निघाला तर गप्प बसेन. समुपदेशकाचं बघू.

कोथरूडचा_कट्टा
जोगीबुवा, एफडी की शेअर यावर वेगळा धागा काढा, तिथे मी येतो.

वऱ्हाडी_ठेचा
आणि वहिनींनाही खातं उघडून द्या तिथे. त्यांचं गणित त्यांनाच मांडू द्या.