मदत हवी आहे: ‘६२ टक्के घट’ सोप्या भाषेत कशी सांगावी?

आशाताईंसाठी गडचिरोलीच्या १९९९ सालच्या शोधनिबंधाचा एक पानी सारांश करतोय. हेतू सोपा आहे: घरीच नवजात बाळाची काळजी घेऊन जंतुसंसर्गावर उपचार केले, तर बाळांचे मृत्यू घटतात का? त्यासाठी ३९ गावांत सेवा दिली, ४७ गावं तुलनेला ठेवली.

अडतंय ते निकालात. सेवेच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे मृत्यू ६२ वरून २५.५ वर आले, म्हणजे सुमारे ५९ टक्के घट. तुलनेच्या गावांत मात्र ५७.७ चे ५९.६ झाले, ३ टक्के वाढ. दोन्ही मिळून ६२ टक्के. नेमका सुरुवातीचा आकडाही ६२ च, त्यामुळे वाचणारा हमखास गोंधळतो. टक्का गाळून फक्त चार आकडे द्यावे का?

शिवाय गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. ही मर्यादा निकालालाच जोडून लिहावी, की शेवटी वेगळी?